गणपतीपूर्वी शीर्षक, टॅग आणि फोटो: सगळे एकदम बदलावे की निम्मे राखून?

सावंतवाडीची लाकडी फळे ऑनलाइन विकणाऱ्यांपुढे चतुर्थीच्या आधी दोन मार्ग असतात. सगळ्या वस्तूंची शीर्षके, टॅग आणि फोटो एकाच दिवशी बदलता येतात, किंवा निम्म्या वस्तू मुद्दाम जुन्या रूपातच ठेवून उरलेल्यांचे आधी शीर्षक व टॅग आणि आठवडाभराने फोटो बदलता येतात.

पहिल्या मार्गाने काम दोन संध्याकाळींत उरकते. पण सणाच्या तोंडावर मागणी अशीही वाढतच असल्यामुळे, विक्री वाढली ती नव्या फोटोमुळे की चतुर्थी जवळ आल्यामुळे, हे नंतर सांगता येत नाही. माझ्या मते हा तोटा मोठा आहे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा अंदाजानेच बदल करावे लागतात.

दुसरा मार्ग उदाहरणाने पाहू. समजा, १२ संच आहेत. जास्त खपणारे संच दोन्ही गटांत सारखे वाटून ६-६ चे गट केले. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गट २,००० वेळा शोधयादीत दिसला आणि ४० क्लिक मिळाले. गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगण्यासाठी बांधतात त्या लाकडी चौकटीला कोकणात माटवी आणि गोव्यात माटोळी म्हणतात. मग एका गटात ‘लाकडी फळांचा संच’ याऐवजी ‘माटवीसाठी लाकडी फळे, गणपती सजावट’ असे शीर्षक दिले आणि गोव्याच्या ग्राहकांसाठी ‘माटोळी’ हा टॅग जोडला. दुसऱ्या आठवड्यात न बदललेला गट ३,००० वेळा दिसला, बदललेला ३,६०० वेळा. म्हणजे १,६०० च्या वाढीतील १,००० सणाची होती. शीर्षक आणि टॅग यांचे श्रेय ६०० पुरतेच.

पुढे पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या फोटोऐवजी माटवीला टांगलेल्या फळांचा, शेजारी आकार कळावा म्हणून हात दिसणारा फोटो लावला. तिसऱ्या आठवड्यात जुन्या गटाला ४,००० पैकी ८० क्लिक मिळाले, म्हणजे पूर्वीसारखेच २ टक्के; नव्या गटाला ४,८०० पैकी १४४, म्हणजे ३ टक्के. हा फरक फोटोचा मानता येतो, मात्र फोटो बदलण्याआधी, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात, नव्या गटाचे प्रमाणही २ टक्केच असावे आणि त्या काळात किंमत आणि जाहिरात यांना हात लावलेला नसावा.

ऑर्डरींवरून मात्र निकाल देऊ नये. एका गटाला ४ आणि दुसऱ्याला ६ ऑर्डरी आल्या, तर तो योगायोगही असू शकतो. याउलट, दिसणे वाढले आणि क्लिकचे प्रमाण घसरले, तर एखादा टॅग भलत्याच ग्राहकांना आणत आहे, असा संशय घ्यावा. ‘गणपती सजावट’ शोधणाऱ्यांपैकी अनेकांना मखर हवे असते. अशा वेळी जुने शीर्षक आणि बदलाची तारीख वहीत लिहिलेली असली, तर मागे फिरणे सोपे जाते.

कुरिअरने माल वेळेत पोहोचेल त्या शेवटच्या तारखेपर्यंत निदान चार आठवडे हातात असतील, तर दुसरा मार्ग घ्यावा. त्याहून कमी असतील तर सगळे एकदम बदलावे, पण सर्वांत जास्त खपणाऱ्या संचाचे शीर्षक तसेच राहू द्यावे.