तीन खाती, एक फोन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून गूगलच्या मेल, फाइली आणि शीटच्या ॲपमध्ये माझी तीन खाती आहेत: एक माझं, एक सोसायटीचं आणि एक मुलीच्या शाळेचं. ॲप म्हणून तक्रार फारशी नाही. वैताग एकाच गोष्टीचा, हवं त्यापेक्षा भलतंच खातं आपोआप उघडतं.

मोठा घोळ सप्टेंबरमध्ये झाला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची होती आणि रात्री साडेदहाला खजिनदारांनी व्हॉट्सॲपवर थकबाकीच्या शीटची लिंक टाकली. लॅपटॉपवर क्लिक केलं, तर `You need access`. मी सरळ `Request access` दाबलं आणि परवानगीची वाट पाहत बसले. सकाळी सोसायटीचं मेल उघडलं, तर माझीच विनंती माझ्यासमोर! शीट सोसायटीच्या खात्यात होती आणि मी ती माझ्या खात्यातून मागत होते.

कारण कळायला वेळ लागला. ब्राउझरमध्ये जे खातं आधी लॉगिन होतं, ते शून्य क्रमांकाचं, पुढचं एक, त्यापुढचं दोन. मेल उघडून वर पत्त्यात पाहिलंत तर `/u/0/` किंवा `/u/1/` दिसेल, तोच हा क्रमांक. साध्या लिंकमध्ये क्रमांक नसतो, मग गूगल शून्यावरचं खातं धरतं. माझ्याकडे शून्यावर मी होते.

हा क्रमांक फक्त आपल्या ब्राउझरपुरता असतो, हे मी दुसरी चूक करून शिकले. पत्त्याच्या पट्टीतून `/u/1/` असलेली लिंक उचलून कमिटीच्या ग्रुपवर टाकली. खजिनदार काकांचा फोन, "अहो, इथे माझ्या नातवाच्या क्लासचं खातं उघडतंय, परवानगी नाही म्हणतं." त्यांच्या लॅपटॉपवर एक नंबरला नातू होता. तेव्हापासून लिंक नेहमी `Share` मधल्या `Copy link` नेच घेते.

आधी केलेला उपाय असा: सगळ्या खात्यांतून एकदम साइन आउट, मग सोसायटीच्या खात्याने पहिलं लॉगिन, बाकीची नंतर. क्रम बदलतो, लिंक बरोबर उघडतात. पण मग माझं वैयक्तिक काही उघडायला गेलं की तेही सोसायटीतच उघडणार. म्हणजे घोळाची दिशा तेवढी बदलली.

टिकला तो उपाय क्रोममधल्या वेगळ्या प्रोफाइलचा. वर उजवीकडच्या चित्रावर क्लिक करून नवीन प्रोफाइल जोडलं, त्यात फक्त सोसायटीचं खातं, खिडकीचा रंग हिरवा. माझ्या प्रोफाइलमधून सोसायटीचं खातं काढून टाकलं. हे केलं नाही तर सगळी मेहनत वाया. आता प्रत्येक खिडकीत शून्यावर एकच माणूस. एक खोच मात्र आहे: बाहेरच्या ॲपमधली लिंक क्रोमच्या शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. म्हणून सोसायटीचं काम असेल तर आधी हिरव्या खिडकीवर एकदा क्लिक करते, मगच लिंकवर.

फोनवर गणित वेगळं. मेलमध्ये खातं बदललं म्हणून फाइलींच्या ॲपमध्ये बदलत नाही, प्रत्येक ॲप आपापलं लक्षात ठेवतं. बदलायला मात्र सोपं, वरच्या गोल चित्रावर बोट वर किंवा खाली सरकवायचं. माझी आणखी पंचाईत म्हणजे माझं नाव आणि 'सोसायटी' दोन्ही S वरून, त्यामुळे दोन्हीकडे गोलात S. एकदा गळतीच्या तक्रारीला उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावरून गेलं आणि आता ते गृहस्थ रात्री अकरालाही तिथेच लिहितात. शेवटी सोसायटीच्या खात्याला गेटवरच्या पाटीचा फोटो लावला. नवीन मेल पाठवण्याआधी `From` ची ओळही वाचते.

चुकीच्या खात्यात तयार झालेल्या फाइलचं निस्तरणं जास्त किचकट. सभेची हजेरी मी घाईत माझ्याच खात्यात `New` करून बनवली होती. सोसायटीच्या खात्याशी ती शेअर केली होती, म्हणून कुणाला कळलं नाही; पण मालकी माझी, जागाही माझीच खात होती. उद्या कमिटी बदलली आणि मी आवरताना ती डिलीट केली, तर सगळ्यांचीच गेली. शेअरच्या खिडकीत सोसायटीला संपादनाचा हक्क दिला, त्याच यादीतून मालकी द्यायचा पर्याय निवडला, मग हिरव्या खिडकीत जाऊन तो स्वीकारला. स्वीकारेपर्यंत मालक आपणच राहतो, हे लक्षात असू द्या.

शाळेच्या खात्यातली फाइल अशी बाहेरच्या खात्याला देता आली नाही. ती उतरवून घेऊन दुसरीकडे पुन्हा चढवावी लागली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या दोन सारख्या S साठी कापला, जरी त्यात ॲपचा दोष नाही असं आमच्या घरी ठाम मत आहे.