आठ चकत्यांचा हनोई मनोरा: सात महिने वापरल्यानंतर

डिसेंबरात मुलीसाठी लाकडी ‘टॉवर ऑफ हनोई’ घेतला. एका पाटावर तीन दांडे, आठ चकत्या, आणि चकत्यांना आलटून पालटून लाल-पिवळा रंग. ती सहावीत आहे. तिच्यासाठी घेतला खरा, पण जास्त खेळलो मीच. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी, म्हणजे आजवर पूर्ण मनोरा सव्वाशेच्या आसपास वेळा हलवून झाला असेल.

नियम बहुतेकांना माहीत असतील. पहिल्या दांड्यावरचा मनोरा तिसऱ्यावर न्यायचा, एका वेळी एकच चकती उचलायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. आठ चकत्यांना कमीत कमी २५५ खेळ्या लागतात. पहिल्या आठवड्यात मला नऊ मिनिटं लागायची, आता पाच मिनिटं चाळीस सेकंदांत होतं.

आधी बनावटीबद्दल. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसं लाकूड फुगलं आणि चकत्या दांड्यावर अडकायला लागल्या. दांडे काचपेपरने हलके घासले, वर मेण चोळलं, आता बरं आहे. दमट हवेत राहणाऱ्यांनी घेतानाच बघावं: चकती वरून सोडली की आपल्या वजनाने सरळ खाली बसली पाहिजे.

खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाची आहे. त्यात लिहिलंय, ‘सर्वांत लहान चकती प्रथम तिसऱ्या दांड्यावर ठेवा.’ चकत्या विषम असतील, पाच किंवा सात, तर हे बरोबर आहे. आठांना ते चूक आहे. तशी सुरुवात करून पुढे सगळं बिनचूक खेळलात तर १२७ खेळ्यांनंतर सात चकत्यांचा मनोरा तिसऱ्या दांड्यावर तयार होतो आणि सगळ्यांत मोठी चकती फक्त मधल्या दांड्यावर जाऊ शकते. मुलीचं पहिल्याच रविवारी हे झालं आणि ती रडवेली झाली. चकत्या सम असतील तर लहान चकती आधी मधल्या दांड्यावर टाकायची. शंका असेल तर सातव्या खेळीनंतर थांबून पाहा. तेव्हा वरच्या तीन चकत्यांचा छोटा मनोरा मधल्या दांड्यावर असेल तर सुरुवात बरोबर आहे.

पुढचं सोपं आहे. एक खेळी लहान चकतीची, एक दुसऱ्या कुठल्या तरी चकतीची. लहान चकती दांड्यांवरून कायम एकाच दिशेने फिरते. मधल्या खेळीत लहान चकतीला हात न लावता नियमात बसणारी एकच चाल उरते, त्यामुळे विचार करावा लागत नाही. चूक ओळखायला रंग कामाला येतात. बरोबर खेळात एकाच रंगाच्या दोन चकत्या कधीही एकमेकींवर टेकत नाहीत. लालवर लाल दिसली की समजायचं, मागच्या काही खेळ्यांत घोळ झालाय. सुरुवातच उलटी झाली असेल तर मात्र रंग काही सांगत नाहीत, कारण तो मनोराही नीटच रचला जातो, फक्त भलत्या दांड्यावर.

आता २५५ का, ते. मुलीने विचारलं, “बाबा, याहून कमी खेळ्यांत कोणालाच नाही जमणार?” मी तिला सगळ्यांत खालची चकती दाखवली. तिला तिसऱ्या दांड्यावर जायचं तर तो दांडा पूर्ण रिकामा हवा, आणि तिच्या डोक्यावरही कोणी नको. म्हणजे उरलेल्या सातही चकत्या मधल्या दांड्यावर गेल्याच पाहिजेत. त्याशिवाय ती तिथे थेट जाऊच शकत नाही. मग ती एकदा हलते, आणि त्या सात पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. सातांना १२७ खेळ्या, मोठीची एक, परत सातांना १२७. झाले २५५. सातांना १२७ का, तर सहांना ६३ लागतात म्हणून. असं खाली एका चकतीपर्यंत जाता येतं. प्रत्येक नवी चकती आधीच्या खेळ्यांची दुप्पट करून वर एक टाकते. म्हणून सूत्र होतं दोनाचा चकत्यांइतका घात वजा एक.

हे ऐकून पटतं, पण अंगात मुरलं ते नववी चकती केल्यावर. जाड पुठ्ठ्याची एक मोठी चकती कापून सगळ्यांत खाली घातली. ५११ खेळ्या, पूर्ण बारा मिनिटं. एका पुठ्ठ्याने वेळ दुपटीहून जास्त झाला, कारण शेवटी शेवटी हातही मंदावतो.

मग माहितीपत्रकातल्या गोष्टीत ६४ चकत्या आहेत, त्यांचा हिशोब करायला बसलो. सेकंदाला एक खेळी, न थांबता, न झोपता. वीस चकत्यांना बारा दिवस आणि तीन तासांच्या वर थोडं. पंचवीसांना एक वर्ष उलटून जातं. तिसांना चौतीस वर्षं, म्हणजे जवळपास एक पूर्ण नोकरी. इथपर्यंत माणसाच्या मापातलं आहे. बत्तीसांना १३६ वर्षं लागतात, तिथे एक आयुष्य पुरत नाही. आणि बत्तीस म्हणजे चौसष्टच्या निम्म्या असल्या तरी वेळ निम्मा नाही. पुढच्या बत्तीस चकत्यांतली प्रत्येक तो वेळ पुन्हा दुप्पट करते. चौसष्टांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ खेळ्या, म्हणजे सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं धरतात, त्याच्या बेचाळीस पटींहून जास्त. सेकंदाला शंभर कोटी चकत्या हलवणारं यंत्र आणलं तरी ५८४ वर्षं जातील.

माहितीपत्रकात ही ६४ चकत्यांची गोष्ट काशीच्या देवळाची ‘हजारो वर्षांपूर्वीची भारतीय आख्यायिका’ म्हटली आहे: हिऱ्याच्या तीन सुया, सोन्याच्या ६४ चकत्या, त्या रात्रंदिवस हलवणारे पुजारी, आणि काम संपलं की जगाचा अंत. हे मला खटकलं. खेळणं १८८३ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी काढलं. त्यातही आठच चकत्या होत्या. त्यांनी ते स्वतःच्या नावावर न आणता ‘एन. क्लॉस, सयाम’ या नावाने आणलं, आणि ते नाव म्हणजे ‘ल्युका, आमियाँचा’ यातल्याच अक्षरांची उलटापालट. काशीच्या देवळाचं वर्णन १८८४ मध्ये आंरी द पार्व्हिल या फ्रेंच लेखकाने लिहिलं. गोष्ट सुंदर आहे, मुलांना जरूर सांगावी, पण कोणाची ते खरं सांगून.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी सात महिने वापरल्याशिवाय दिसली नसती. एका पूर्ण खेळात सगळ्यांत लहान चकती १२८ वेळा उचलली जाते, तिच्या खालची ६४ वेळा, मग ३२, १६, ८, ४, २, आणि सगळ्यांत मोठी एकदाच. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. तोच हा हिशोब आहे, फक्त घरांच्या जागी चकत्या. म्हणूनच पटावरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज आणि ६४ चकत्यांच्या खेळ्या हा आकडा एकच येतो.

हे लाकडावर उमटलंय. सव्वाशे खेळांत मोठी चकती सव्वाशेच वेळा हलली, तिचा पिवळा रंग अजून दुकानातून आणल्यासारखा चकचकीत आहे. लहान चकती सोळा हजार वेळा उचलली गेली. तिच्या कडेचा लाल रंग गेलाय, खालचं लाकूड बोटांच्या तेलाने काळपट झालंय आणि भोक थोडं मोठं झाल्यामुळे ती दांड्यावर तिरकी बसते. तिच्या खालच्या चकतीची फक्त कड उडाली आहे, तिसरीवर नुसते ओरखडे आहेत. आठही चकत्या ओळीने मांडल्या की झीज उतरत जाताना डोळ्यांना दिसते. मुलीने त्या खिडकीत तशा मांडून ठेवल्या होत्या.

सुटी चकती मिळेल का म्हणून विकणाऱ्याला विचारलं, तर पूर्ण संच घ्या म्हणाला. शेवटी आमच्या सुताराकडून उरलेल्या सागवानाची एक लहान चकती करून घेतली. तो म्हणाला, “एकच का? आठही नव्या करून देतो की.” मी त्याला जुन्या आठ दाखवल्या.