धपाट्यांचा डबा: क्लिंग फिल्म, बटर पेपर की फॉइल?

लेक लातूरला क्लासला असतो. औशाजवळच्या आमच्या गावातून सकाळच्या एस.टी.नं त्याचा डबा जातो, आणि तो उघडतो दुपारी एक वाजता. म्हणजे साडेपाचला तव्यावरून उतरलेलं धपाटं सात-साडेसात तास गुंडाळून राहणार, तेही तेल सोडून भाजलेलं, कांदा-मेथी घातलेलं. एकदा एकाच पिठाची नऊ धपाटी केली. तीन क्लिंग फिल्ममध्ये, तीन बटर पेपरमध्ये, तीन फॉइलमध्ये गुंडाळली आणि लेकाला सांगितलं, खाताना कोणतं कसं होतं ते फोनवर सांग.

क्लिंग फिल्मचा निकाल तर घरातच लागला. गरम धपाट्याला लागताच ती आकसली आणि कडेच्या तेलकट भागाला चिकटून बसली. घरगुती फिल्म पीव्हीसीची असते नाहीतर पॉलिथिनची. पॉलिथिन साधारण ११० अंशांना वितळतं, आणि तव्यावरच्या तेलाला तेवढी धग सहज असते. पीव्हीसीच्या फिल्मला लवचीकपणा यावा म्हणून जी रसायनं घालतात, ती तेलात उतरतात, आणि पदार्थ गरम असला की जास्त उतरतात. त्यात वाफेला वाटच नाही. लेक म्हणाला, ‘आई, ती तीन ओली गच्च झाली होती, कांद्याचा वास येत होता.’ उन्हाळ्यात असं धपाटं दुपारपर्यंत आंबतं. फिल्म वाईट नाही, पण तिचं काम फ्रीजमधल्या थंड वस्तू झाकण्याचं. कापलेलं टरबूज, मळलेली कणीक, एवढंच.

फॉइलमधली तीन बराच वेळ कोमट राहिली. फॉइल उष्णता परत आत फेकते आणि वाफ बाहेर जाऊ देत नाही. पण तीच वाफ आत थेंब होऊन बसते, म्हणून तीही मऊ पडली होती, फिल्मइतकी नाही. (चकचकीत बाजू आत की बाहेर, हा वाद सोडून द्या. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र रुळांतून जातात. रुळाला लागलेली बाजू चमकते, आतली मंद राहते. कामात फरक नाही.)

फॉइलची खरी अडचण उष्णतेची नाही, आंबट-खारटाची आहे. लिंबू पिळलेला ठेचा मी एकदा फॉइलच्या पुडीत दिला होता. पुडी उघडली तेव्हा आतून करडे डाग आणि उजेडाला धरल्यावर बारीक भोकं. ॲल्युमिनियमवर एक पातळ संरक्षक थर असतो, तो आंबट आणि मीठ मिळून खातात. याहून वाईट प्रकार म्हणजे स्टीलच्या वाटीत चिंचेची आमटी ठेवून वर फॉइल झाकणं आणि फॉइल आमटीला टेकणं. स्टील, ॲल्युमिनियम आणि खारट रस मिळून चक्क बॅटरी होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. सकाळी फॉइलची चाळणी झालेली असते, झिजलेलं सगळं आमटीत. तेव्हापासून ठेचा आणि लोणचं छोट्या स्टीलच्या डबीत, स्टीलच्याच झाकणासकट.

बटर पेपरमधली तीन धपाटी लेकाला सगळ्यांत आवडली. थंड होती, पण कोरडी, एकमेकांना न चिकटलेली. कागदातून थोडी वाफ निघून जाते. तेल मात्र कागद पूर्ण अडवत नाही, पिशवीला डाग पडला होता. शिवाय बाजारात बटर पेपर म्हणून दोन-तीन प्रकारचे कागद देतात. त्यातला मेणाचा गरम पदार्थाला चालत नाही, कारण मेण साठ अंशांच्या आसपास पातळ होऊन धपाट्याला लागतं. ओळखायचं सोपं आहे: कागद नखानं खरवडला की मेणाची पांढरी भुकटी निघते. भट्टीत चालणारा सिलिकॉनचा लेप असलेला कागद घ्या, तो महाग पडतो पण गरम आणि तेल दोन्ही सोसतो. तो नाही मिळाला तर बिनमेणाचा साधा तेलरोधक कागद चालतो.

आता आमची पद्धत अशी. धपाटी तव्यावरून थेट गुंडाळत नाही, दुरडीत फडक्यावर पाच-सात मिनिटं सुटी पसरते. ताटली वर धरली आणि तिच्यावर दव आलं नाही, म्हणजे वाफ गेली. मग दोन-दोनच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा, सगळ्यांना मिळून बटर पेपर, आणि त्यावरून फॉइलची एक घडी. कागद ओलावा पितो, तेल बाहेर येत नाही, आणि ॲल्युमिनियम धपाट्याला लागत नाही. हिवाळ्यात हे असंच. चैत्र-वैशाखात फॉइल काढून टाकते, बटर पेपर आणि सुती फडकं एवढंच, कारण त्या उन्हात कोमट डबा हवाय कुणाला?

फक्त होस्टेलवर मायक्रोवेव्ह आल्यापासून त्याला सांगून ठेवलंय, गरम करायच्या आधी फॉइल काढायची. पहिल्याच आठवड्यात ठिणग्या उडवून झाल्यात त्याच्या.