स्टोअरमध्ये एबीसी पद्धत: काही महिन्यांच्या वापरानंतर

हिंगणा एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, तिथलं स्टोअर मी सांभाळतो. चारशेच्या वर आयटम आणि मोजायला मी एकटाच, म्हणून एबीसी लावून पाहिलं: वर्षभरात जास्त पैसा जातो त्या वस्तू ‘ए’, मधल्या ‘बी’, किरकोळ ‘सी’, आणि मोजणीचं लक्ष त्याच क्रमाने.

यात वस्तूच्या किमतीकडे बघून चालत नाही. वर्षाचा खप गुणिले दर, हाच आकडा धरायचा. आमच्याकडे १८,००० रुपयांची एक ब्रेक कॉइल कपाटात कुलपात असायची. वर्षाला लागते एक. ६३०८ बेअरिंग ६५० रुपयांचं, पण ९० लागतात, म्हणजे ५८,५०० रुपये. यादी उतरत्या क्रमाने लावली की कॉइल बेअरिंगच्या बरीच खाली जाते.

खरी गंमत तांब्याच्या तारेची. प्रत्येक गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा, कोड वेगळा असल्यामुळे एकेक गेज यादीत मधेच कुठेतरी दिसत होता. ६० किलो, ९५० रुपयांनी ५७,००० रुपये, म्हणजे बेअरिंगच्याही खाली. सगळे गेज एकत्र धरले तर १,४०० किलो, १३,३०,००० रुपये. वर्षाचा एकूण खपच वीस लाखांच्या आसपास! संगणकाने यादी काढून दिली तरी ही बेरीज डोक्यानेच करावी लागते. आता मोजणीसाठी तांबं सगळं ‘ए’मध्ये. ऑर्डर मात्र गेजनुसारच, कारण एका गेजची तार दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

दर शनिवारी तांबं काट्यावर घेतो. पहिल्या काही आठवड्यांत वजन रजिस्टरशी जुळेना. चोरीची शंका आली होती, पण निघालं वेगळंच: अर्धवट वापरलेलं रीळ परत येताना रिकाम्या स्पूलचं वजन वजा न करताच जमा व्हायचं. आता स्पूलवर त्याचं रिकामं वजन मार्करने लिहितो.

नट-बोल्ट, टेप, स्लीव्ह हे ‘सी’. हे मोजत बसत नाही. दोन पाकिटं ठेवायची, दुसरं फोडलं की मागणीची चिठ्ठी. वेळ वाचतो, पण इथेच या पद्धतीची मर्यादाही कळते. फायबर ग्लासची स्लीव्ह किरकोळ किमतीची, पण ती संपली आणि मोटर टेबलावर पडून राहिली. कारागीर म्हणाला, “भाऊ, तांबं शिगोशिग भरून काय उपयोग?” त्याचं बरोबर होतं. एबीसी पैसा दाखवते, अडणूक दाखवत नाही. म्हणून जिच्यावाचून काम थांबतं अशा वस्तूवर वेगळी लाल खूण केली आणि तिचं दुसरं पाकीट मोठं ठेवलं.

वर्षाची सरासरीही फसवते. नागपुरात मार्च लागला की कूलरच्या मोटरी येऊ लागतात आणि बारीक गेज भराभर उठतात. त्यामुळे त्या गेजची ऑर्डर फेब्रुवारीतच, गेल्या उन्हाळ्याचा खप बघून देतो.