लोड वाढवायचा आहे: सिंगल फेजवर ७ किलोवॅट मागावा की थ्री फेजवर ११?

घरात दोन एसी, इंडक्शन शेगडी आणि इलेक्ट्रिक स्कूटर आली, की महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ पहिल्यांदाच नीट वाचला जातो. तिथे बहुतेकांच्या २ किंवा ३ किलोवॅट छापलेलं असतं. लोड वाढवायचा एवढं ठरतं, पण अर्जात कोणता आकडा लिहायचा यावर गाडी अडते. वायरमन म्हणतो, सगळ्या उपकरणांची बेरीज करून थ्री फेज घ्या. शेजारी म्हणतात, सिंगल फेजवरच सगळं भागतं. दोघांचंही काही अंशी बरोबर आहे, आणि कोणाचं ऐकायचं हे बेरजेवरून ठरतं.

हिशोबासाठी नाशिकमधलं एक घर धरू. सिंगल फेज जोडणी, मंजूर भार ३ किलोवॅट.

| उपकरण | वॅट |
|---|---|
| १२ दिवे, प्रत्येकी १० | १२० |
| ५ पंखे, प्रत्येकी ७५ | ३७५ |
| टीव्ही | १०० |
| फ्रिज | २०० |
| वॉशिंग मशीन | ५०० |
| गीझर | २००० |
| मिक्सर | ७५० |
| इस्त्री | १००० |
| चार्जर वगैरे | १०० |
| आधीची बेरीज | ५१४५ |
| नवे: दीड टनाचे २ एसी, प्रत्येकी १६०० | ३२०० |
| नवी: इंडक्शन शेगडी | २००० |
| नवा: स्कूटरचा चार्जर | ७५० |
| नव्यांची बेरीज | ५९५० |
| एकूण जोडलेला भार | ११,०९५ |

नवीन काही घेण्याआधीच या घराचा जोडलेला भार मंजूर भाराच्या पुढे गेलेला आहे, आणि बहुतेक घरांत हेच आढळतं. तरीही काही बिघडत नाही, कारण गीझर, इस्त्री आणि मिक्सर एकाच वेळी क्वचितच चालतात. जोडलेला भार म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांच्या क्षमतेची बेरीज. मंजूर भार म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवलेली मर्यादा. हे दोन आकडे वेगळे असू शकतात आणि पुढची सगळी निवड त्यावरच अवलंबून आहे.

यादी करताना एसीच्या ओळीत सगळ्यात मोठी चूक होते. दीड टनाच्या एसीवर ‘कूलिंग कपॅसिटी’ म्हणून ५००० वॅटच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, तो खोलीतून बाहेर काढल्या जाणाऱ्या उष्णतेचा असतो. एसी वीज ओढतो ती ‘पॉवर इनपुट’समोर लिहिलेली असते, साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट. पहिला आकडा उचलला तर दोन एसींमुळे यादी जवळजवळ सात किलोवॅटनी फुगते आणि कारण नसताना थ्री फेज गळ्यात पडतं. मायक्रोवेव्हचं याच्या उलट होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत असलेले ८०० वॅट हे अन्नाला मिळणारी शक्ती असते, प्लगमधून तो १२०० च्या आसपास घेतो. पंपाचा आकडा एचपीत असेल तर १ एचपीला ७४६ वॅट धरा.

आता दोन पर्याय शेजारी ठेवून पाहू.

पहिला पर्याय: सिंगल फेजवर ७ किलोवॅट

इथे बेरीज सगळ्या उपकरणांची करत नाहीत, एकत्र चालणाऱ्यांची करतात. मे महिन्यातली रात्र घ्या: दोन एसी ३२००, स्कूटर चार्जिंगला ७५०, फ्रिज, टीव्ही, दोन पंखे आणि काही दिवे मिळून ५००, त्यात उशिरा स्वयंपाक असेल तर इंडक्शनचे २०००. झाले ६४५०. सकाळ घ्या: गीझर २०००, इंडक्शन २०००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, वॉशिंग मशीन ५००, फ्रिज-दिवे-पंखे ५००. झाले ६७५०. म्हणून ७ किलोवॅट.

याचा कमकुवत भाग उन्हाळ्यातल्या सकाळी दिसतो. एक एसी अजून चालू असेल तर ६७५० मध्ये १६०० मिळून ८३५० होतात, म्हणजे सुमारे ३६ ॲम्पियर. पण मीटर कमाल मागणी क्षणाची मोजत नाही. अर्ध्या तासाची, काही मीटरांत पंधरा मिनिटांची सरासरी नोंदवतो. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गीझर थर्मोस्टॅटने मधेच बंद होतो, इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर निम्म्यावर येतो. नोंदलेली मागणी ७ च्या आत राहण्याची शक्यता म्हणूनच चांगली आहे. तुमचं घर याला अपवाद आहे का, हे मीटरवरच कळतं. डिस्प्लेवर आळीपाळीने येणाऱ्या आकड्यांत एमडी म्हणजे कमाल मागणी असते. एसी लावल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती पाहून ठेवा.

पैशांच्या बाजूने हा पर्याय फारच सोयीचा आहे. महावितरणच्या घरगुती दरात स्थिर आकार किलोवॅटवर नसून जोडणीवर आहे. सिंगल फेजला ३ किलोवॅट असो वा ७, महिन्याचा स्थिर आकार तोच राहतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात तो सुमारे सव्वाशे रुपये होता. दिल्लीसारख्या ठिकाणी मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटमागे स्थिर आकार लागतो, त्यामुळे ‘लोड वाढवला की बिल वाढतं’ हा तिकडचा सल्ला तिथे खरा आहे. महाराष्ट्रातल्या सिंगल फेज घरगुती ग्राहकाने त्याला घाबरून लोड कमी ठेवण्याचं कारण नाही.

दोन गोष्टी मात्र अर्जाआधी तपासा. मीटरच्या दर्शनी भागावर ‘5-30 A’ असं काही लिहिलेलं असतं. ७ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर ३० ॲम्पियरच्या किंचित वर, तेव्हा ३० च्या मीटरऐवजी मोठ्या क्षमतेचा मीटर अर्जातच मागा. दुसरी गोष्ट म्हणजे मीटरपासून डीबीपर्यंतची, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीपर्यंतची, मुख्य तार. जुन्या घरांत ती ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची असते आणि पाइपातून गेलेली ती तार ३० ॲम्पियरला अगदी काठावर येते. ती बदला. ६ ची चालते, पण भिंत एकदाच फोडायची तर १० ची टाका. मंजूर भार कागदावर वाढला आणि तार तीच राहिली, तर तार तापते. मेन स्विचजवळ जळका वास येणं किंवा टर्मिनलवरचं प्लास्टिक पिवळं पडणं ही त्याची खूण.

दुसरा पर्याय: थ्री फेजवर ११ किलोवॅट

११,०९५ वॅट सिंगल फेजवर घ्यायचे तर ४८ ॲम्पियर लागतील. सिंगल फेज पुरवठा साधारण ४० ॲम्पियरपर्यंत दिला जातो, आणि व्यवहारात त्याच्या बरंच आधी थ्री फेज सुचवलं जातं. तेव्हा पूर्ण जोडलेला भार मागितला की फेज बदलणं ओघानेच आलं.

फायदा खरा आहे. तोच भार तीन तारांत वाटला जातो. आर फेजवर एक एसी आणि गीझर, ३६००. वाय फेजवर दुसरा एसी आणि इंडक्शन, ३६००. बी फेजवर उरलेलं सगळं, ३८९५. सगळं एकदम चालू केलं तरी प्रत्येक तारेत १६-१७ ॲम्पियर. एक फेज गेला तरी घराचा एक भागच अंधारात जातो. पण वाटणी अशी नीट केली तरच हे मिळतं. वायरमनने वेळ वाचवायला दोन्ही एसी आणि गीझर एकाच फेजवर टाकले, तर थ्री फेज घेऊनही एक तार तापते आणि दोन मोकळ्या राहतात. काम झाल्यावर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे ॲम्पियर मोजून दाखवायला सांगा.

न्यूट्रलकडे, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेकडे, इथे जास्त लक्ष द्यावं लागतं. थ्री फेज घरात न्यूट्रल तुटला तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ३०० च्याही पुढे जाऊ शकतं आणि टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात. काही दिवे फार तेज, काही मंद दिसले तर लगेच मेन बंद करा. डीबीत विजेची गळती होताच न्यूट्रलसह चारही तारा तोडणारा आरसीसीबी हा स्विच आणि जास्त व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण बसवणं मी या पर्यायाचा अटळ खर्च मानतो.

स्थिर आकार २०२४-२५ मध्ये थ्री फेजला सुमारे सव्वाचारशे रुपये होता, म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास फरक, वीज वापरा वा न वापरा. शिवाय १० किलोवॅटच्या वर गेलात की पुढच्या प्रत्येक १० किलोवॅटला, किंवा त्याच्या भागालाही, अतिरिक्त स्थिर आकार लागतो. थ्री फेजच हवं असेल तर या घराने ११ न मागता १० मागावेत. एका किलोवॅटसाठी पुढचा टप्पा उघडण्यात अर्थ नाही.

मग कोणी काय घ्यावं

या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: सिंगल फेज, ७ किलोवॅट. हे मत बदलणारी कारणं मोजकी आहेत. इलेक्ट्रिक कार येणार असेल आणि भिंतीवरचा ७ किलोवॅटच्या आसपासचा चार्जर लावायचा असेल, तर तो एकटाच ३२ ॲम्पियर घेतो, मग थ्री फेजला पर्याय नाही. तीच कार १५ ॲम्पियरच्या सॉकेटवरून रात्रभर चार्ज करणार असाल तर सुमारे ३.३ किलोवॅट पुरतात. अशा वेळी ती एसीसोबत चालेल असं धरून रात्रीची बेरीज पुन्हा करा. वर मजला चढणार असेल किंवा थ्री फेजचा बोअर पंप असेल, तरीही थ्री फेज. छतावर सोलर बसवायचं असेल तर महाराष्ट्राच्या २०१९ च्या नियमांत सिंगल फेजची मर्यादा ८ किलोवॅट आहे. ३ किंवा ५ किलोवॅटच्या सोलरला ती आड येत नाही.

काहीच न करता ३ किलोवॅटवर राहणं मी पर्यायात धरत नाही. मंजूर भारापेक्षा जास्त वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका राइस मिलच्या प्रकरणात म्हटलं आहे. स्मार्ट मीटर असलेल्यांना २०२३ च्या केंद्रीय नियमांनी थोडा दिलासा दिला. आर्थिक वर्षात निदान तीनदा मर्यादा ओलांडली तरच कंपनी मंजूर भार वाढवते. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरला आणि मीटरला हे नियम ठाऊक नसतात, ती तापायची तेव्हा तापतातच.

अर्जात दोन्ही आकडे लिहा, काही लपवू नका. सोबत वरचा तक्ता, सकाळ-रात्रीची बेरीज आणि असा मजकूर पुरेसा होतो:

> ‘माझा सध्याचा मंजूर भार ३ किलोवॅट, सिंगल फेज आहे. नवीन उपकरणांसह एकूण जोडलेला भार ११.१ किलोवॅट होतो. सोबतच्या हिशोबाप्रमाणे एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांचा कमाल भार ६.७५ किलोवॅट आहे. तरी मंजूर भार सिंगल फेजवरच ७ किलोवॅट करावा व त्या क्षमतेचा मीटर बसवावा, ही विनंती.’

पाहणीला आलेले अभियंते एकत्र चालणाऱ्या भाराचा हिशोब मानायला तयार नसतील, तर गीझर आणि एका एसीमध्ये चेंजओव्हर स्विच बसवा आणि तसं अर्जात नमूद करा. दोन्ही एकत्र चालूच शकत नाहीत म्हटल्यावर उन्हाळ्यातल्या सकाळची शंकाही मिटते. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि थकबाकी नसावी लागते. पाहणीनंतर कोटेशन येतं, त्यात वाढीव सुरक्षा ठेवही असू शकते. जाळ्यात नवीन काम लागत नसेल तर २०२४ च्या केंद्रीय नियमांनी यासाठी महानगरांत ३, इतर शहरांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत घातली आहे. मीटर बदलला तरी बिलावर जुनाच मंजूर भार छापून येऊ शकतो. पुढच्या दोन बिलांत तो आकडा तपासा आणि ३ च राहिला असेल तर कोटेशनची पावती जोडून लेखी कळवा.