सिंगल सेल बॉक्स कल्व्हर्ट : हाताने मोमेंट डिस्ट्रिब्युशन की स्टॅडमध्ये स्प्रिंग?

सध्या नाशिकच्या आजूबाजूला रस्त्यांची इतकी कामं निघालीत की दर नाल्यावर एक बॉक्स येतोय, आणि नवीन पोरं हमखास विचारतात की सर एक्सेल शीट वापरू की स्टॅडमध्ये मॉडेल करू. मी दोन्ही वापरतो, पण भरावाखालचा साधा एका गाळ्याचा बॉक्स असेल तर माझा हात आधी शीटकडे जातो. का ते सांगतो, पटलं तर घ्या.

उदाहरण घेऊ. आतून ३ बाय ३ मीटर, सगळी जाडी ३०० मिमी, म्हणजे सेंटरलाइन ३.३ बाय ३.३. वर ३ मीटर मुरमाचा भराव, घनता १८. स्लॅबवर मातीचे ५४, स्वतःचे ७.५, आणि ७०आर ट्रॅकचा भार? ७०० किलोन्यूटन ४५ अंशात पसरवला की तो साधारण १०.६ बाय ८.९ मीटरवर जातो, इम्पॅक्ट धरूनही चौरस मीटरला ८ च्या आसपास. म्हणजे एवढ्या भरावाखाली गाडी ही किरकोळ गोष्ट, खरा मालक माती. वरून एकूण ६९.५. भिंतींचं वजन मिळवलं की खालून वर येणारा निव्वळ दाब ८३, तळस्लॅबचं स्वतःचं वजन जमीन थेट घेते म्हणून ते यात नाही.

बाजूचा दाब स्थिर भिंतीचा, म्हणजे गुणांक ०.५ धरला तर वरच्या सेंटरलाइनला २८ आणि खालच्या ५८. भिंत हलत नाही, त्यामुळे कोपऱ्यासाठी मी हाच धरतो.

आता हाताने. बॉक्स सिमेट्रिकल, म्हणून अर्धाच घ्यायचा, स्लॅबची स्टिफनेस निम्मी करायची, मग डिस्ट्रिब्युशन फॅक्टर स्लॅबला १/३ आणि भिंतीला २/३. फिक्स्ड एंड मोमेंट वरच्या स्लॅबला ६३, भिंतीला वरच्या टोकाला ३६.५, खाली ७५ आणि ४२. दोनच सांधे, तीनचार फेऱ्यांत आकडे बसतात. वरचा कोपरा ४९, खालचा कोपरा ५९.५, मध्यावर वर ४६ आणि खाली ५३.५ किलोन्यूटन-मीटर, मीटर रुंदीला. एका पानात आटोपतं, आणि कुठला आकडा कुठून आला ते बोट ठेवून दाखवता येतं.

मग गुणांक ०.५ च्या जागी ०.३३ टाकायचा. भिंतीचा आधार कमी झाला की वरचा कोपरा ४९ चा ४२.५ होतो पण मध्यावरचा मोमेंट ५२ वर चढतो. म्हणून दोन्ही केस करायच्याच, कोपऱ्याचं स्टील पहिल्यातून, मध्याचं दुसऱ्यातून. शीटमध्ये एक सेल बदलला की झालं. स्टॅडमध्येही होतं म्हणा, लोड केस वाढवायची, त्यात काही विशेष नाही.

आता स्टॅडचं खटकतं काय, तर तळाचे स्प्रिंग. आपल्याकडच्या रिपोर्टात बहुतेक वेळा एसबीसी असते, सबग्रेड मोड्युलस नसतो. मग ४० गुणिले अल्टिमेट क्षमता असा अंदाज, म्हणजे १५० एसबीसी आणि फॅक्टर ३ असेल तर १८,०००. तळस्लॅबचे दहा तुकडे केले की दर नोडला ०.३३ मीटरचा वाटा, पण टोकाच्या नोडला त्याच्या निम्माच. बरोबर इनपुट असं:

```
SUPPORTS
1 FIXED BUT MZ KFY 2970
11 FIXED BUT FX MZ KFY 2970
2 TO 10 FIXED BUT FX MZ KFY 5940
```

हे टोकाचं निम्मं करणं लोक विसरतात. एका कन्सल्टंटकडून तपासायला आलेल्या मॉडेलमध्ये अकराही नोडना ५९४० होतं. कोपऱ्याखाली स्प्रिंग दुप्पट ताठ, त्यामुळे भिंतीचं बरंचसं वजन तिथूनच जमिनीत उतरतं, स्लॅबला वाकवणारा दाब कमी पडतो आणि तळाचे मोमेंट दहाएक टक्क्यांनी कमी दिसतात, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. आणि गंमत अशी की रिअॅक्शनची बेरीज टनाला टन जुळते, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत काही सापडत नाही. पकडायचं असेल तर कोपऱ्याची रिअॅक्शन शेजारच्या नोडशी ताडून बघा, ती निम्म्याहून थोडी जास्त हवी, बरोबरीची किंवा वर दिसली की समजायचं.

बरं, एवढं करून मिळतं काय? मी हाच बॉक्स इलॅस्टिक फाउंडेशनवर सोडवला. १८,००० ला खालचा कोपरा ५९.५ चा ५८.५ आणि मध्य ५३.५ चा ५१.५. म्हणजे साध्या जमिनीवर सरळ एकसारखा दाब धरला तरी तेच उत्तर! एक लाख घेतला, म्हणजे कडक मुरूम-खडकाच्या जवळ जाणारी जमीन, तर मात्र दाब भिंतींखाली एकवटतो, कोपरा ५५ आणि मध्य ४४ वर येतो. फरक आहे, पण एकसारख्या दाबाचा हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. ते दहा मोमेंटचं स्टील वाचवायला मी अंदाजी मोड्युलसवर विसंबणार नाही, तुम्ही खडकाची प्लेट लोड टेस्ट केली असेल तर गोष्ट वेगळी.

एक छोटी बाब दोन्हीकडची. हे कोपऱ्याचे आकडे सेंटरलाइनचे आहेत, भिंतीच्या तोंडाशी, १५० मिमी आत, खालचा ५९.५ चा ४० च होतो. शीटमध्ये शीअर समोरच असतो, वजाबाकी लगेच करता येते. स्टॅडमध्ये तोंडाशी नोड दिला नसेल तर लोक नोडचाच आकडा उचलतात आणि कोपऱ्यात दीडपट सळई कोंबतात, आधीच तिथे हॉन्चचे बार, त्यात काँक्रीट उतरायचं कसं हे साइटवरच्या माणसाला विचारा.

स्टॅड नकोच असं नाही हां. दोन-तीन गाळे असले, भराव अर्धा मीटर असून चाक कुठे उभं राहील यावर सगळं ठरत असलं, किंवा एका बाजूलाच भराव असला तर हाताने करणं म्हणजे उगाच डोकेफोड. तिथे मॉडेलच. पण त्यातही साध्या जमिनीला मी स्प्रिंग टाळतो. तळस्लॅबवर ८३ चा वरचा दाब लोड म्हणून द्यायचा, तळस्लॅबचं स्वतःचं वजन लोडमध्ये घ्यायचं नाही, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना नावापुरते सपोर्ट, एक पिन एक रोलर. लोड बरोबर असेल तर त्या सपोर्टची उभी रिअॅक्शन जवळजवळ शून्य येते. नाही आली तर कुठलं तरी वजन सुटलंय किंवा दोनदा लागलंय, बहुतेक वेळा भिंतीचं.