एकच ब्लॉट, तीन लेजेंड: रिपोर्टमध्ये कोणतं घालावं?

माझ्या एम.एस्सी.च्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्टचं एक पान उघडलं, मजकुरावर कोरा कागद ठेवला आणि फक्त फिगर व तिच्याखालची ओळ उघडी ठेवली. मग विचारलं, "यातली तिसरी लेन कसली?" मला उत्तर येत होतं. पानावर मात्र ते कुठेच नव्हतं. ते होतं दोन पानं मागे, पद्धतींच्या प्रकरणात. आता मी स्वतः मुलांचे रिपोर्ट तपासते आणि तोच कोरा कागद वापरते, कारण फिगर एकटी उभी राहते की नाही हे बघायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

लेजेंड किती लिहायचं, हा प्रश्न डिझर्टेशन लिहिणारा प्रत्येक जण विचारतो. तीन पर्याय डोळ्यांसमोर असतात: एका ओळीचं, सगळी पद्धत ओतलेलं, आणि मधलं. एकाच प्रयोगावर तिन्ही ठेवून बघू. रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण बोलायच्या सोयीसाठी मी इथे लेजेंड मराठीत लिहिते.

प्रयोग साधा आहे. हेला पेशींना ४२ अंश सेल्सिअसवर १ तास ठेवलं, परत ३७ अंशांवर आणलं, आणि ०, २ व ६ तासांनी गोळा केलं. वेस्टर्न ब्लॉटवर एचएसपी७० हे प्रथिन पाहिलं, लोडिंग कंट्रोल म्हणून जीएपीडीएच. भाग 'अ' मध्ये ब्लॉट आहे, भाग 'ब' मध्ये तीन प्रयोगांतल्या बँडचं मोजमाप स्तंभांमध्ये.

पहिला पर्याय:

"आकृती ३. एचएसपी७० चा वेस्टर्न ब्लॉट."

दुसरा पर्याय मी पूर्ण देत नाही, तो अर्धं पान खातो. त्यात पेशी कोणत्या माध्यमात वाढवल्या, लायसिस बफरमध्ये काय काय होतं, जेल किती व्होल्टवर चालवलं, ब्लॉकिंग कशात आणि किती वेळ, धुणं किती वेळा, सगळं असतं. लिहिणाऱ्याला वाटतं की काही सुटलेलं नाही. पण मी असं एक लेजेंड मध्यंतरी तपासलं, तर एवढ्या मजकुरात एरर बार कसले आहेत हेच नव्हतं. लांबी आणि पुरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा:

"आकृती ३. उष्णतेच्या ताणानंतर हेला पेशींत एचएसपी७० वाढतं आणि ६ तासांनंतरही वाढलेलंच असतं. (अ) पेशी ४२ अंश सेल्सिअसवर १ तास ठेवून ३७ अंशांवर परत आणल्या व ०, २, ६ तासांनी गोळा केल्या. 'कं': सर्व वेळ ३७ अंशांवर ठेवलेल्या पेशी. प्रत्येक लेनमध्ये ३० मायक्रोग्रॅम प्रथिन. वापरलेली अँटीबॉडी फक्त ताणामुळे तयार होणारं एचएसपी७० ओळखते. मेम्ब्रेन ५० किलोडाल्टनच्या मार्करपाशी कापून खालच्या भागावर जीएपीडीएच पाहिलं. डावीकडचे आकडे किलोडाल्टनमध्ये. तीन प्रयोगांपैकी एका प्रयोगाचा ब्लॉट. (ब) एचएसपी७० च्या बँडची तीव्रता त्याच लेनमधल्या जीएपीडीएचने भागलेली, प्रत्येक प्रयोगातलं 'कं' १ धरून. ठिपके: वेगवेगळ्या दिवशी केलेले स्वतंत्र प्रयोग (n = ३). स्तंभ: सरासरी. रेषा: एसडी."

हे दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. यात काय ठेवलं आणि काय गाळलं, ते एका कसोटीवर ठरवलं: ही गोष्ट वेगळी असती, तर चित्राचा अर्थ बदलला असता का? ब्लॉकिंग दुधात केलं की अल्ब्युमिनमध्ये, यानं वाचणाऱ्याचा निष्कर्ष सहसा बदलत नाही, म्हणून ते पद्धतींमध्ये गेलं. अँटीबॉडी काय ओळखते, यानं बदलतो, म्हणून ते लेजेंडमध्ये आलं.

अँटीबॉडीचं जरा सविस्तर सांगते, कारण मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. पेशीत एचएसपी७० चं एक जवळचं भावंड असतं, एचएससी७०. ते ताण नसतानाही भरपूर तयार होतं, आणि त्याचं वजन इतकं जवळचं आहे की साध्या जेलवर दोघं सहसा एकमेकांत मिसळतात. काही अँटीबॉडी दोन्ही ओळखतात, काही फक्त ताणानं वाढणारं. आता पहिल्या पर्यायातलं लेजेंड घेऊन ब्लॉटकडे बघा. 'कं' लेनमध्ये ठळक बँड दिसतो. त्याचा अर्थ ताण न देताच पेशी ताणात होत्या, की अँटीबॉडीनं एचएससी७० पकडलं? चित्रावरून सांगताच येत नाही. लेजेंडमधलं एक वाक्य हा प्रश्न मिटवतं. परीक्षकांनी हाच प्रश्न व्हायवात विचारला तर मात्र दहा मिनिटं जातात.

लोडिंग कंट्रोलचंही तसंच. 'जीएपीडीएच' एवढंच लिहिलं, तर तो बँड त्याच मेम्ब्रेनवरचा आहे, की दुसऱ्या दिवशी चालवलेल्या दुसऱ्या जेलचा? दुसऱ्या जेलचा असेल, तर पहिल्या जेलमध्ये लेन समान भरल्या होत्या हे तो सिद्ध करत नाही. आपल्या प्रयोगात सोय चांगली आहे: एचएसपी७० सत्तरच्या आसपास, जीएपीडीएच ३७ किलोडाल्टनजवळ. मधे कापलं की एकाच मेम्ब्रेनवर दोन्ही मिळतात. तसं केलं असेल तर सांगा. आधीची अँटीबॉडी काढून पुन्हा लावली असेल तर तेही सांगा. आणि मधली एखादी लेन काढून दोन तुकडे जोडले असतील, तर जोडाच्या जागी रेषा हवी आणि लेजेंडमध्ये तसा उल्लेख हवा. न सांगता केलेल्या अशा जोडणीकडे आता फेरफार म्हणून पाहिलं जातं. 'जर्नल ऑफ सेल बायोलॉजी'नं २००२ पासून स्वीकारलेल्या पेपरमधल्या चित्रांची अशी तपासणी सुरू केली, आणि नंतर इतर अनेक नियतकालिकंही त्याच वाटेनं गेली.

आता भाग 'ब'. इथे लेजेंड नसेल तर चित्र अपुरं तर राहतंच, शिवाय ते दिशाभूलही करतं. उदाहरणासाठी धरून चाला की २ तासांनंतर तीन प्रयोगांत एचएसपी७० कंट्रोलच्या ३.१, ४.० आणि ४.९ पट आलं. सरासरी ४.०. एसडी ०.९. एसईएम काढायला एसडीला तीनच्या वर्गमुळानं भागायचं, म्हणजे ०.५२. आणि ९५ टक्क्यांचं कॉन्फिडन्स इंटरव्हल काढलं, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे २.२. आकडे तेच, पण स्तंभावरची रेषा एकदा ०.५२ ची, एकदा ०.९ ची, एकदा २.२ ची. सगळ्यात लहान आणि सगळ्यात लांब रेषेत चौपटीहून जास्त फरक. लेजेंडमध्ये 'एसडी' की 'एसईएम' हा एक शब्द नसेल, तर वाचणारा त्या रेषेवरून काहीच ठरवू शकत नाही. तीनच प्रयोग असतील तर मी ठिपके दाखवायलाच सांगते. मग रेषेवर फार भार पडत नाही.

'n = ३' एवढंच लिहिणंही पुरत नाही. एकाच डिशमधल्या पेशी, एकच लायसेट, आणि तो तीन लेनमध्ये भरला, तरी n = ३ लिहिता येतं. पण ते तुमच्या हाताची आणि पिपेटची परीक्षा झाली, पेशींची नाही. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या, वेगवेगळ्या वेळी ताण दिलेल्या पेशी हवेत, आणि लेजेंडनं तेच शब्दांत सांगायला हवं. वरच्या लेजेंडमध्ये आणखी एक कबुली आहे: 'कं' प्रत्येक प्रयोगात १ धरलं. त्यामुळे कंट्रोलच्या स्तंभावर रेषा नसते आणि कंट्रोलमधला चढउतार दिसेनासा होतो. हे न सांगता कंट्रोलशी नेहमीची टी-टेस्ट लावली, की जाणकार वाचणारा लगेच थांबतो. त्या गटात फरकच उरलेला नसतो. तारे लावले असतील, तर कोणती चाचणी आणि एका ताऱ्याचा अर्थ काय, हेही तिथेच.

उरला मथळा, म्हणजे लेजेंडचं पहिलं वाक्य. इथे दोन पर्याय आहेत: काय केलं ते सांगणारा ("ताणानंतर एचएसपी७० चं प्रमाण") आणि काय दिसलं ते सांगणारा ("ताणानंतर एचएसपी७० वाढतं"). माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं आणि तुमचा दावा चित्राशी ताडून बघता येतो. पण त्या वाक्यात क्रियापद जपून वापरा. 'एचएसपी७० पेशींना वाचवतं' असं या चित्रावर लिहिता येणार नाही. इथे एकही मेलेली पेशी मोजलेली नाही. प्रयोग एकदाच झाला असेल, किंवा फिगर नुसती तपासणीची असेल, उदाहरणार्थ क्लोन बरोबर आहे हे दाखवणारं रिस्ट्रिक्शन डायजेस्टचं जेल, तर पहिला, वर्णन करणारा मथळाच योग्य. तिथे अपेक्षित तुकड्यांचे आकार मात्र लेजेंडमध्ये द्या, म्हणजे मार्करशी ताडून बघता येतील.

मग घ्यायचं कोणतं? डिझर्टेशनसाठी तिसरं, बिनदिक्कत. पेपर पाठवणार असाल तर आधी त्या नियतकालिकाच्या सूचना वाचा. काहींना लेजेंडमध्ये पद्धत जवळजवळ नको असते. तेव्हा प्रथिनाचं प्रमाण आणि मेम्ब्रेन कापल्याचं वाक्य पद्धतींमध्ये हलवा, पण n, रेषांचा अर्थ आणि लेनची ओळख हलवू नका. पोस्टरवर मथळा मोठ्या अक्षरांत आणि बाकीचं दोन-तीन ओळींत, कारण शेजारी तुम्ही उभे असता. तरी पोस्टरचा फोटो काढून लोक निघून जातात, तेव्हा एसडी की एसईएम हे तिथेही हवंच. लॅब मीटिंगच्या स्लाइडवर एक ओळ पुरते. एका ओळीचं लेजेंड मला फक्त तिथेच मान्य आहे. दुसरा, सगळं ओतलेला पर्याय मी कुठेच सुचवत नाही. तो मजकूर पद्धतींच्या प्रकरणात हवाच असतो, आणि दोन ठिकाणी लिहिला की कधीतरी एका ठिकाणी ३० मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्या ठिकाणी २० राहून जातं.

लिहून झालं की फिगर आणि लेजेंड एवढंच एका पानावर छापा आणि शेजारच्या लॅबमधल्या, तुमचा विषय न करणाऱ्या मुलीला द्या. तिला चार गोष्टी विचारा: तिसरी लेन कसली, बँड किती वजनाचा, प्रयोग किती वेळा झाला, रेषा म्हणजे काय. ती अडखळेल तिथेच पेनानं खूण करा आणि तेवढंच वाक्य लेजेंडमध्ये घाला.